बरणीने नेमकं काय अडवलं?

तालुका विज्ञान प्रदर्शनात हा प्रयोग हमखास असतो. सारख्या आकाराच्या दोन काचेच्या बरण्या, तळाशी दोन बोटं काळी माती आणि प्रत्येकीत एक थर्मामीटर. एका बरणीचं तोंड उघडं, दुसरीला झाकण. वीस मिनिटं उन्हात ठेवल्या की झाकलेली बरणी चांगलीच तापते आणि मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं : 'हरितगृह परिणाम'. त्याच पुठ्ठ्याच्या दुसऱ्या कोपऱ्यात बरेचदा ओझोनच्या थराचं चित्र असतं. त्याला पडलेलं भोक आणि त्यातून पृथ्वीवर कोसळणारं लालभडक ऊन.

निफाड तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई आणि परीक्षक म्हणून आलेले कनिष्ठ महाविद्यालयातले भौतिकशास्त्राचे सर, यांचा या पुठ्ठ्यावरून वाद झाला. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणून तो इथे सविस्तर मांडला आहे.

बाई : सर, आमच्या मुलींचे गुण कापलेत तुम्ही. प्रयोगात काय खोट होती? दोन्ही थर्मामीटर आधी एकाच भांड्यातल्या पाण्यात बुडवून तपासले होते. एक दुसऱ्यापेक्षा एक अंश जास्त दाखवत होता, तो फरक त्यांनी प्रत्येक नोंदीतून वजा केला. पाऱ्याच्या फुग्यावर थेट ऊन पडू नये म्हणून पुठ्ठ्याची पट्टी लावली. दहा मिनिटांनी बरण्यांच्या जागाही बदलल्या.

सर : मोजमापाचे पूर्ण गुण दिलेत, बाई. इतकं काळजीपूर्वक मोजलेलं दुसऱ्या कुठल्याच टेबलावर नव्हतं. गुण कापले ते निष्कर्षाचे. झाकण लावलेली बरणी जास्त तापली, हे खरं. पण ती का तापली? मुली म्हणाल्या, काचेने उष्णतेचे किरण अडवले म्हणून. ते त्या प्रयोगातून सिद्ध होत नाही.

बाई : का नाही? ऊन काचेतून आत येतं, माती तापते, तापलेली माती अवरक्त किरण सोडते आणि ते काचेतून बाहेर जात नाहीत. पाठ्यपुस्तकातही हेच आहे.

सर : दोन्ही बरण्यांच्या भिंती काचेच्याच आहेत. फरक फक्त झाकणाचा. झाकण नसलेल्या बरणीतून काय निसटतं? मातीला लागून तापलेली हवा हलकी होते, वर चढते, तोंडातून बाहेर पडते आणि तिच्या जागी बाहेरची गार हवा उतरते. झाकणाने प्रामुख्याने अडवली ती ही हवा. पृथ्वीवर असं झाकण कुठे आहे? पृथ्वीबाहेर पोकळी आहे. तिथे हवा वाहून उष्णता जाऊच शकत नाही, जाते ती केवळ किरणांच्या रूपाने. म्हणजे पृथ्वीवर जी वाट मुळातच बंद आहे, ती बंद करून आपण मुलांना दाखवतो आणि जी वाट महत्त्वाची, तिच्याबद्दल काहीच दाखवत नाही.

बाई : हे तुमचं म्हणणं मला शेतावरून पटतं. गुलाबाच्या पॉलिहाऊसमध्ये दुपारी तापमान वाढलं की शेतकरी छताचा कागद काढत नाही, बाजूचे पडदे गुंडाळतो. छत तसंच राहतं आणि तरी आतली उष्णता उतरते. पण म्हणून प्रयोगच बाद करायचा? कोरडं व्याख्यान मुलं विसरतात, चढलेला पारा लक्षात ठेवतात. आणि झाकणाची अडचण टाळायची असेल तर दुसरा प्रकार आहेच. दोन्ही बरण्या बंद, एकीत साधी हवा, दुसरीत कार्बन डायऑक्साइड. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर वापरून आम्ही तोही केलाय. कार्बन डायऑक्साइडची बरणी एखाद-दोन अंशांनी जास्त तापते.

सर : तो प्रकार जास्त फसवा आहे, कारण त्यात उत्तर अपेक्षेप्रमाणे येतं. एक चमचाभर, म्हणजे पाच ग्रॅम सोड्यातून जवळजवळ दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघतो. लिटरभराची बरणी त्याने भरून जाते. पण हा वायू हवेपेक्षा दीडपट जड असतो. तो तळाशी बसून राहतो, मातीलगतची उष्णता वर नेणारं अभिसरण मंदावतं आणि थर्मामीटर चढतो. हे तपासून पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठातल्या संशोधकांनी 2010 साली 'अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स'मध्ये हा प्रयोग आर्गॉन वापरून केल्याचं प्रसिद्ध केलं. आर्गॉन जवळपास कार्बन डायऑक्साइडइतकाच जड, पण अवरक्त किरण अजिबात शोषत नाही. तरी तापमान तसंच वाढलं. किरण न शोषणारा वायूही तेवढंच तापमान वाढवत असेल, तर वाढ किरणांमुळे झाली असं कसं म्हणायचं?

बाई : पण युनिस फूटबाईंनी 1856 साली हेच तर केलं होतं! काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून उन्हात ठेवले. साधी हवा 106 अंश फॅरनहाइटपर्यंत गेली आणि कार्बन डायऑक्साइड 125 पर्यंत, म्हणजे आपल्या मापात साधारण 41 आणि 52 अंश सेल्सिअस. वातावरणात हा वायू वाढला तर पृथ्वी जास्त उष्ण होईल, हे त्यांनी तेव्हा लिहून ठेवलं. त्यांच्या प्रयोगाला आपण मान देतो आणि माझ्या मुलींचे गुण कापतो?

सर : फूटबाईंचं अनुमान बरोबर होतं आणि त्या काळात ते करायला असामान्य नजर लागत होती. पण येणारं ऊन आणि जाणारे उष्णतेचे किरण वेगळे करून पाहण्याची सोय त्यांच्या मांडणीत नव्हती. ती तीन वर्षांनी जॉन टिंडलने केली. त्याने सूर्याऐवजी तापलेलं भांडं घेतलं, म्हणजे फक्त अवरक्त किरण मिळाले. ते पितळी नळीतल्या वायूतून पाठवले आणि पलीकडे किती पोहोचतात ते मोजलं. नळीची दोन्ही टोकं त्याने काचेने बंद केली नाहीत, कारण काच स्वतःच ते किरण गिळते. त्याने सैंधवाच्या चकत्या लावल्या. सैंधव अवरक्त किरण आरपार जाऊ देतं. तुमच्या बरणीची गोची इथेच आहे. भिंती काचेच्या असल्याने मातीतून निघालेले किरण त्या आधीच गिळतात. आत कार्बन डायऑक्साइड असला काय, नसला काय, किरणांच्या हिशेबात फार फरक पडायला वावच उरत नाही.

बाई : मग शाळेत सैंधवाच्या चकत्या आणू कुठून?

सर : आपलं सैंधव म्हणजे पातळ पॉलिथिन. ड्रायक्लीनर कपड्यावर घालून देतो ती पारदर्शक पिशवी. एसी दुरुस्तीवाल्याकडे लांबून तापमान मोजणारी गन असते, ती तासाभरासाठी मागून आणा. कपाळाचा ताप मोजायची नको, तिचा पल्ला फार लहान असतो. आधी गन हातावर धरा : तिशीच्या वरचा आकडा येईल. मग हातासमोर, हात न लावता, खिडकीची काच धरा. हात डोळ्यांना स्वच्छ दिसतो, पण गन काचेचंच तापमान दाखवते. आता काचेऐवजी काळी, पातळ कचऱ्याची पिशवी ताणून धरा. हात डोळ्यांना दिसत नाही, पण गनला दिसतो, आकडा पुन्हा चढतो. प्रकाशाचा किरण आणि उष्णतेचा किरण वेगळे असतात, एकाला जे आरपार ते दुसऱ्याला भिंत असू शकतं, हे दोन मिनिटांत मुलांच्या हाती येतं.

बाई : हे आवडलं. पण यात तापमान वाढत नाही. मुलांना वाढ दिसली पाहिजे.

सर : मग बरण्यांऐवजी थर्मोकोलची तीन सारखी खोकी घ्या. भिंती सारख्या, फरक फक्त झाकणात. आत काळा रंग दिलेला पत्रा, त्यावर थर्मामीटर. एकावर काच, दुसऱ्यावर ताणलेलं पॉलिथिन. तिसरं खोकं उघडं. दुपारी उन्हात उघडं खोकं स्पष्ट मागे पडेल आणि झाकलेल्या दोघांतला फरक त्यामानाने लहान राहील. 1909 साली आर. डब्ल्यू. वुड या भौतिकशास्त्रज्ञाने काच आणि सैंधव लावलेल्या दोन खोक्यांवर हेच पाहिलं होतं. दोन्ही 55 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली आणि फरक एका अंशाचाही नव्हता. दिवसा काम होतं ते मुख्यतः हवा अडवल्याने, याचा हा पुरावा.

बाई : थांबा. वुडचा प्रयोग दाखवून 'हरितगृह परिणाम वगैरे काही नसतंच' म्हणणारे लोक मी पाहिलेत. मुलांना तुम्ही हे सांगितलंत आणि तिथेच सोडलंत, तर हुशार मुलगा हाच निष्कर्ष काढेल. त्यापेक्षा माझी चुकीच्या कारणाची बरणी बरी!

सर : तुमची भीती खरी आहे, पण मला ती उलट बाजूने वाटते. ज्या मुलाला आपण बरणी हाच पुरावा म्हणून दिला, त्याला पुढे कुणीतरी आर्गॉनची गोष्ट सांगेल. मग बरणीबरोबर हवामानाचं शास्त्रही त्याच्या मनातून उतरेल. म्हणून तिथे सोडायचं नाहीच. तीच झाकलेली दोन खोकी रात्री ठेवायची.

बाई : रात्री?

सर : डिसेंबरमध्ये, निरभ्र आकाशाखाली, उघड्या मैदानात किंवा गच्चीवर. रात्री ऊन नाही, म्हणून येणाऱ्या प्रकाशाची गुंतागुंत नाही. दोन्ही खोकी बंद, म्हणून हवेची वाट दोघांनाही सारखीच बंद. उरते ती किरणांची वाट. काळा पत्रा आकाशाकडे उष्णता फेकत असतो. पॉलिथिन ती जाऊ देतं, काच अडवते आणि काही भाग परत खाली पाठवते. पहाटे पॉलिथिनखालचा पत्रा जास्त गार झालेला सापडेल.

बाई : अहो, हे तर आमच्याकडचे पॉलिहाऊसवाले जाणतात! निरभ्र रात्री साध्या कागदाखाली कधी कधी बाहेरच्यापेक्षा आत जास्त गारठा असतो, म्हणून उष्णतेचे किरण अडवणारा वेगळा कागद मिळतो. द्राक्षवाल्यांचंही तेच. निफाडचा पारा उतरतो तो चांदण्या स्वच्छ दिसतात त्या रात्री. ढग आले की गारठा कमी होतो आणि शेतकऱ्याचा जीव भांड्यात पडतो.

सर : तुमच्या तालुक्यातला प्रत्येक शेतकरी हरितगृह परिणाम असा अंगावर अनुभवतो. ढग हवेला अडवून ठेवत नाही. तो जमिनीकडून आलेले किरण शोषतो आणि स्वतःचे किरण खाली पाठवतो. तीच गन आकाशाकडे रोखा. निरभ्र, कोरड्या रात्री ती शून्याच्या बरंच खाली दाखवते, ढग डोक्यावर आला की आकडा चढतो. एक मर्यादा मुलांना सांगायची : या गनला साधारण 8 ते 14 मायक्रॉनचे किरण दिसतात आणि कार्बन डायऑक्साइडचा मुख्य पट्टा 15 मायक्रॉनच्या आसपास असतो. म्हणजे गन दाखवते ते मुख्यतः ढग आणि बाष्प यांचं काम. कार्बन डायऑक्साइडचं काम तशाच तऱ्हेचं, पण या गनला जवळजवळ न दिसणारं. आणि एक खबरदारी : पॉलिथिनवर दव साचलं की प्रयोग संपला. पाणी अवरक्त किरण गिळतं, मग पॉलिथिनही काचेसारखं वागू लागतं. पहाटे दोन्ही झाकणांखाली सारखंच तापमान आलं तर आधी पॉलिथिनवरून बोट फिरवून पाहायचं.

बाई : पटलं. आता दुसऱ्या कोपऱ्याबद्दल बोलू. ओझोनच्या चित्राचेही गुण कापलेत. मला मान्य आहे की ते चूक आहे. पण शिकवण्याच्या दृष्टीने मी त्याकडे कानाडोळा करते. मुलांना एवढं तरी कळतं की माणसाने सोडलेल्या वायूंमुळे आकाशात काहीतरी बिघडलंय. तपशील पुढच्या इयत्तेत येतील.

सर : तपशील चुकला तर उपाय चुकतो. ओझोनचं भोक हेच तापमानवाढीचं कारण असतं, तर 1987 च्या मॉन्ट्रिअल करारानंतर आपण निवांत बसायला हरकत नव्हती. ओझोन खाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू जगाने बंद केले, थर हळूहळू भरून येतो आहे. तापमान मात्र वाढतंच आहे. भोक हे कारण मानणारा मुलगा उद्या म्हणेल की फ्रिजचा वायू बदलला, आता कोळशाचं काय बिघडलं?

बाई : मग एका वाक्यात फरक कसा सांगाल?

सर : खोक्यांना विचारला तोच प्रश्न विचारायचा. कोणता किरण, कुठून कुठे जाताना, कुणी अडवला? ओझोन अडवतो तो सूर्याकडून खाली येणारा अतिनील किरण. हरितगृह वायू अडवतात तो जमिनीकडून वर जाणारा अवरक्त किरण. किरण वेगळा, दिशा उलट. ओझोन विरळ झाला की जास्त अतिनील किरण खाली पोहोचतात. त्यांचा धोका त्वचेला, डोळ्यांना, पिकांना. थर्मामीटरला ते जवळजवळ जाणवत नाहीत, कारण जमिनीवर पोहोचणाऱ्या सौरऊर्जेत अतिनील-बी किरणांचा वाटा शंभरात एकसुद्धा नाही. तो थोडा वाढला म्हणून पृथ्वी तापत नाही.

बाई : मुलं त्यावर विचारतील की कशावरून?

सर : भूगोलावरून. ओझोनचं मोठं भोक अंटार्क्टिकावर पडतं आणि तेही प्रामुख्याने सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये. त्यातून येणाऱ्या उन्हाने पृथ्वी तापत असती, तर सर्वांत जास्त तापमानवाढ तिथे आणि त्या महिन्यांत दिसली असती. प्रत्यक्षात सर्वांत वेगाने तापतो आहे तो दुसरा ध्रुव, आर्क्टिक, जिथे तसं दरवर्षीचं भोक नाही.

बाई : यात मी एक आकडा घालते. वातावरणातला सगळा ओझोन गोळा करून समुद्रसपाटीच्या दाबाला जमिनीवर पसरला, तर थर जेमतेम तीन मिलिमीटर होतो. त्याला 300 डॉबसन एकक म्हणतात. 220 च्या खाली गेलं की भोक. म्हणजे 'भोक' हे खरं भोक नाही, तीन मिलिमीटरचे सव्वादोनही न उरणं आहे. कार्बन डायऑक्साइड असाच पसरला तर?

सर : छान प्रश्न. दहा लाखांत साधारण 420 भाग आणि त्या दाबाला हवेची जाडी सुमारे आठ किलोमीटर. गुणाकार केला तर तीन मीटरहून थोडं जास्त. औद्योगिक काळाआधी 280 भाग होते, म्हणजे सव्वादोन मीटर. मीटरभराची भर आपण घातली. बरणीत हा वायू असतो वीतभर.

बाई : म्हणजे बरणी लहान पडते, एवढंच?

सर : बरणीला उंची नाही, ही खरी उणीव. पृथ्वी अवकाशात जितकी ऊर्जा फेकते, तितकी फेकायला उणे 18 अंशांचा पृष्ठभाग पुरेसा आहे. जमिनीचं सरासरी तापमान मात्र 15 अंश. फरक 33 अंशांचा. वर चढताना तापमान किलोमीटरमागे सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. 33 ला साडेसहाने भागा : पाच. म्हणजे पृथ्वीची उष्णता सरासरी पाच किलोमीटर उंचीवरून बाहेर पडते. कार्बन डायऑक्साइड वाढला की ही पातळी वर सरकते, तिथली हवा आणखी गार, गार हवा कमी ऊर्जा फेकते. येणारी ऊर्जा तेवढीच. म्हणून हिशेब पुन्हा जुळेपर्यंत खालचं सगळं तापत जातं. हे कुठल्याच बरणीत दाखवता येत नाही, ते फळ्यावरच करावं लागतं.

बाई : आता एक गोष्ट तुमच्या विरोधात. तुम्ही दोन्ही विषयांत भिंत उभी करताय, ती पूर्ण खरी नाही. ओझोन स्वतः अवरक्त किरण शोषतो, म्हणजे तोही हरितगृह वायू आहे. आणि जुन्या फ्रिजमधला आर-12 ओझोन तर खातोच, पण शंभर वर्षांच्या हिशेबाने किलोमागे कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे दहा हजार पट तापवतो. 'संबंध नाही' असं शिकवलं, तर तीही चूकच.

सर : बरोबर आहे. संबंध आहे, पण भोकातून नाही. एकच वायू दोन वेगळे उद्योग करतो. त्याच्या जागी आलेल्या आर-134ए ने ओझोन वाचवला, पण तापवणं चालू ठेवलं, कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त. म्हणून 2016 मध्ये किगालीत मॉन्ट्रिअल करारालाच दुरुस्ती जोडावी लागली. दोन उद्योग वेगळे ओळखता आले, म्हणूनच ही त्रुटी दिसली.

बाई : मग पुढच्या वर्षी पुठ्ठा असा : आधी दोन बरण्या, मग खोकी दुपारी, मग तीच खोकी रात्री. खाली एक तक्ता, कोणता किरण, कोणती दिशा, कोण अडवतो. ओझोनची ओळ शेवटी.

सर : मी बरण्या वगळूनच सुरुवात केली असती, थेट गनपासून.

बाई : तिथे मी ऐकणार नाही. मुलांनी आधी चुकीचं कारण आत्मविश्वासाने सांगितलं पाहिजे आणि मग रात्रीच्या नोंदींनी ते स्वतः खोडलं पाहिजे. बरणीची जागा पहिली. पुरावा म्हणून नाही, प्रश्न म्हणून. आणि गुण तुम्ही त्या प्रश्नाला द्यायचे : झाकणाने नेमकं काय अडवलं आणि ते तुला कशावरून कळलं?